नंबर बरोबर, जमीन तिरकी

बाई शाळेच्या जिन्यावरून खाली येत होत्या. शेवटची पायरी संपली असं वाटून त्यांनी पाय टाकला आणि तिथे अजून एक पायरी होती. कठडा हातात होता म्हणून निभावलं. त्याच दिवशी संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, पर्समधून नवा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, नंबर चुकलाय हो. चार दिवस झाले, जमीन पायाशी खोल गेल्यासारखी वाटते आणि चौथ्या तासापर्यंत कपाळ ठणकायला लागतं."

मी काच लेन्सोमीटरखाली धरली. चिठ्ठीवर जो नंबर होता तोच काचेत होता. मग बाईंचे डोळे पुन्हा तपासले. तिथेही तोच नंबर आला. म्हणजे तपासणी बरोबर होती, काचही बरोबर घासलेली होती, आणि तरी बाई पायरी चुकल्या होत्या. डोळे तपासण्याच्या या धंद्यात मला जवळपास वीस वर्षं होतील. या तक्रारीवर दोन उत्तरं ठरलेली ऐकू येतात. दुकानदार सांगतो, "सवय होईल, घालत राहा." घरचे सांगतात, "नंबर चुकला असणार, दुसरीकडे दाखव." बाईंच्या बाबतीत दोन्ही उत्तरं निम्मी खरी होती. त्यांच्या तक्रारी दोन होत्या आणि त्यांची कारणंही दोन, एकमेकांशी संबंध नसलेली. एक कारण सवयीने जाणारं होतं. दुसरं वर्षभर घालूनही गेलं नसतं.

बाईंचं वय चौतीस. जुना चष्मा दोन्ही डोळ्यांना उणे साडेचारचा, साधा, म्हणजे काचेची ताकद सगळ्या दिशांना सारखी. नव्यात दोन्ही डोळ्यांना उणे ५ आणि त्यावर उणे सव्वाचा सिलिंडर, अक्ष उजव्या डोळ्यात ४० अंशांवर, डाव्यात १४० वर. चिठ्ठीत तीन रकाने असतात: स्फेरिकल, सिलिंड्रिकल आणि अक्ष. पहिल्यातला आकडा सगळ्यांना पाठ असतो, उरलेल्या दोघांकडे कुणी बघत नाही. बाईंचं सगळं दुखणं त्या उरलेल्या दोघांत आणि चिठ्ठीवर नसलेल्या चौथ्या आकड्यात होतं.

आधी जमिनीचं बघू.

बुब्बुळावरची पारदर्शक पटलं सगळ्यांची चेंडूसारखी गोल नसतात. काहींची एका बाजूने जरा जास्त फुगीर असतात, लिंबासारखी. अशा डोळ्याला आडवी रेघ स्पष्ट दिसते तेव्हा उभी धूसर असते, किंवा उलट. त्यावर सिलिंड्रिकल काच लागते, जी एका दिशेत काम करते आणि तिच्या काटकोनातल्या दिशेत काहीच करत नाही. ही काच माणसाच्या चष्म्यात आणण्याचं श्रेय इंग्लंडच्या जॉर्ज एअरीला दिलं जातं. तो पुढे राजखगोलशास्त्रज्ञ झाला. त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात हा दोष होता. त्याने तो मोजला, इप्सविच गावच्या एका कारागिराकडून हवी तशी काच घासून घेतली आणि १८२५ मध्ये केंब्रिजला ते सगळं मांडलं.

एका दिशेत काम करणारी काच त्याच दिशेत चित्र लहानही करते. उणे नंबर चित्र आकसवतो हे जाड चष्मेवाल्यांना माहीत असतं. साध्या काचेत ते चारी बाजूंनी सारखं आकसतं, त्यामुळे चौकोन चौकोनच राहतो, फक्त छोटा होतो. सिलिंडरमध्ये एकाच दिशेने आकसतं. ती दिशा सरळ उभी किंवा आडवी असेल तर चौकोनाचा आयत होतो आणि फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. दिशा तिरकी असेल तर मात्र चौकोन कलंडतो. दाराची उभी चौकट किंचित एका बाजूला झुकते. किती झुकते म्हणाल, तर फार नाही: अक्ष अगदी तिरका असला तरी दर एका नंबरामागे सुमारे ०.४ अंश. बाईंच्या सव्वा नंबराला प्रत्येक डोळ्यात अर्धा अंश. भिंतीवरची तसबीर अर्धा अंश कललेली असेल तर तुम्हाआम्हाला कळणारही नाही.

पण डोळे दोन आहेत. बाईंच्या उजव्या डोळ्यात चौकट वरच्या टोकाशी डावीकडे झुकली, डाव्या डोळ्यात उजवीकडे, म्हणजे दोन्हीकडे नाकाच्या दिशेने. दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या अशा फरकावरूनच मेंदू वस्तू किती लांब आहे ते ठरवतो. फरक केसाएवढा असला तरी तो त्याला पुरतो. त्याने हिशोब असा केला की चौकटीचं वरचं टोक जवळ आलंय आणि खालचं लांब गेलंय. म्हणून बाईंना दार वरून अंगावर येतंय असं वाटायचं आणि पायाशी जमीन खोल गेल्यासारखी दिसायची. पायरी चुकली ती इथे.

हे खरं आहे की नाही ते घरीच कळतं. नवा चष्मा घालून उभं राहायचं, जमीन तिरकी दिसते ते नीट बघायचं, मग एक डोळा तळहाताने झाकायचा. जमीन सपाट झाली, दुसरा डोळा झाकला तरी सपाट झाली, आणि दोन्ही उघडल्यावर पुन्हा कलली, तर दोष कुठल्याही एका काचेत नाही. दोन चित्रांच्या जुळणीतला तो नवखेपणा आहे. बाईंनी माझ्या खोलीत हे केलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अय्या, गेलं की!" एक डोळा झाकून त्या दारापर्यंत चालत जाऊन आल्या. एकाच डोळ्याने बघतानाही रेघ वाकडी किंवा लहरी दिसत असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे काच, आणि काचेत काही सापडलं नाही तर डोळ्याचा पडदाही तपासावा लागतो.

बाई आणखी एक गोष्ट सांगत होत्या आणि ती त्यांनाच विचित्र वाटत होती. वर्गात फरशीवर त्रास कमी व्हायचा, पण मातीच्या मैदानावर प्रार्थनेला उभं राहिलं की जास्त. मला ती ऐकून आनंद झाला, कारण ती पुस्तकातल्यासारखी होती. दोन डोळ्यांच्या चित्रांच्या मापात फरक पडल्यावर काय होतं याचा अभ्यास अमेरिकेतल्या डार्टमथ इथे अ‍ॅडेलबर्ट एम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी एक खोली बनवली होती, जिच्या भिंती आणि छत पानांनी मढवलेलं होतं. कारण साध्या खोलीत भिंतींच्या कडा, फरशांच्या रेघा, खिडकीचे गज मेंदूला सांगत राहतात की अरे, ही खोली चौकोनी आहे, आणि मेंदू त्या ओळखीच्या जोरावर कल दाबून टाकतो. पानांत सरळ रेघ नसते. तिथे त्याला दोन डोळ्यांच्या फरकावरच विसंबावं लागतं आणि खोली सपशेल कलते. मातीचं मैदान म्हणजे बाईंची पानांची खोली. म्हणून मी सिलिंडर नव्याने लागलेल्या माणसाला सांगते की पहिले दोन-तीन दिवस घरात, फरशीवर, भिंतींच्या संगतीत काढा. शेतात, बागेत, उतारावर, गाडीवर नंतर.

आता कपाळाचं दुखणं.

ते जमिनीच्या कलामुळेच असेल असं मलाही आधी वाटलं. बाईंनी मग एक तपशील सांगितला: फळ्याकडून वर्गाकडे, वर्गाकडून खिडकीबाहेर बघताना डोळे बाजूंना ओढल्यासारखे वाटतात. स्कूटरवर जास्त. घरी वह्या तपासताना मात्र काहीच नाही, उलट बरं वाटतं. सिलिंडरचा त्रास असा लांब-जवळ बघून येत नाही. डोळ्यांवर ताण पडतो आणि जवळ बघितलं की तो उतरतो, असं म्हटल्यावर मी नंबर सोडून काचेचा मध्य शोधायला बसते.

प्रत्येक काचेत एक बिंदू असा असतो की त्यातून प्रकाश वाकडा न होता सरळ पलीकडे जातो. तो बिंदू बाहुलीसमोर यायला हवा. त्यासाठी दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतात. दुकानात त्याला सगळे 'पीडी' म्हणतात. चिठ्ठीवर नसलेला चौथा आकडा तो हाच. बाईंचं अंतर ५८ मिलिमीटर होतं. लेन्सोमीटरमध्ये काच धरून मध्य जुळवला की यंत्र शाईचे तीन ठिपके उमटवतं, त्यातला मधला ठिपका म्हणजे काचेचा मध्य. दोन्ही काचांवर ठिपके काढून मी त्यांच्यामध्ये पट्टी ठेवली. अंतर आलं ६४.

सहा मिलिमीटर म्हणजे किती, असं बाईंनी विचारलंच. एका बाजूला तीन. डोळा काचेच्या मध्यातून न बघता कडेच्या बाजूने बघतो तेव्हा तीच काच प्रिझमसारखी वागते आणि समोरची वस्तू सरकवते. किती सरकवते याचा नियम अमेरिकेतल्या चार्ल्स प्रेंटिसच्या नावाने ओळखला जातो आणि तो तोंडी गुणाकाराएवढा सोपा आहे: मध्य किती सेंटिमीटर चुकला, गुणिले काचेचा नंबर. बाईंच्या सिलिंडरचा वाटा बाजूला ठेवून नुसते ५ धरले तरी ०.३ गुणिले ५ म्हणजे दीड. दोन्ही डोळे मिळून तीन. एक प्रिझम म्हणजे एका मीटरवर एक सेंटिमीटर. सहा मीटरवर, म्हणजे साधारण वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत, तीन प्रिझमने दोन डोळ्यांच्या चित्रांत १८ सेंटिमीटरचं अंतर पडतं. तरी बाईंना दोन-दोन मुलं दिसत नव्हती, कारण डोळ्यांचे स्नायू ती चित्रं ओढून एकत्र आणत होते. दिवसभर, प्रत्येक नजरेला.

आणि ओढ होती ती बाहेरच्या बाजूची. उणे काच मध्याशी पातळ आणि कडेला जाड असते. मध्य कानाकडे सरकल्यामुळे बाईंचे डोळे नाकाकडच्या जाड भागातून बघत होते, आणि त्याची भरपाई करायला डोळ्यांना बाहेर फिरावं लागत होतं. डोळे आत वळवणं सोपं असतं, वाचताना ते आपण रोज करतो. ते बाहेर पसरवण्याची ताकद निसर्गाने आपल्याला फार थोडी दिली आहे. म्हणून लांबचं बघताना कपाळ ठणकायचं आणि वह्या तपासताना, जिथे डोळे आपोआप आत वळलेले असतात तिथे, काचेची चूक उलट मदत करायची. नंबर अधिकचा असता तर हेच सगळं उलटं झालं असतं.

ही चूक झाली कशी, हे पुढच्या वेळी फ्रेम निवडताना कामाला येईल. बाईंनी मोठी, चौकोनी फ्रेम घेतली होती, सध्या सगळेच घेतात तशी. तिच्या काडीच्या आत ५४ आणि १८ असे आकडे छापलेले होते. ५४ ही एका काचेची रुंदी, १८ नाकावरच्या पुलाची. दोन्हींची बेरीज ७२, म्हणजे फ्रेमच्या दोन डोळ्यांच्या मध्यांतलं अंतर. बाईंच्या बाहुल्या ५८ वर. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य सात मिलिमीटर नाकाकडे सरकवायला हवा होता. पण काच कापली जाते ती गोल अनकट चकतीतून, आणि इथे ती ७० मिलिमीटर व्यासाची होती. फ्रेमच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ६० मिलिमीटर लागत होते. चकती सात मिलिमीटर सरकवली असती तर कानाकडचा कोपरा रिकामा राहिला असता. कारागिराने ती चारच सरकवली, जेवढी पुरत होती तेवढी. ७२ मधून दोनदा चार गेले की ६४. नंबर कुठेच चुकला नाही, म्हणून दुकानातून बाहेर पडताना कुणालाच काही खटकलं नाही. मोठी चकती मागवून हे सुटलं असतं, पण त्याला आठवडा लागतो आणि पैसे जास्त पडतात. दुकानदाराने निदान तेवढं विचारायला हवं होतं, असं माझं मत आहे.

अमेरिकेच्या मानकात तयार चष्म्यात दोन्ही काचा मिळून आडवा प्रिझम ०.६७ पर्यंत आणि उभा ०.३३ पर्यंत चालवून घेतात. बाईंचा आडवा तीन होता. उभ्याची मर्यादा निम्मी का, तर डोळे आत-बाहेर थोडेफार फिरतात, पण एक वर आणि एक खाली असं ते जवळजवळ फिरतच नाहीत. पाचच्या नंबरात एक काच दुसरीपेक्षा फक्त दोन मिलिमीटर वर बसली की एक प्रिझमचा उभा फरक पडतो, आणि बऱ्याच जणांना तेवढाही सहन होत नाही: मळमळतं, वाचताना ओळ सुटते, माणूस नकळत मान कलती ठेवून बघायला लागतो. अशा वेळी चष्मा पालथा करून सपाट टेबलावर ठेवा आणि समोरून बघा. एक बाजू उचललेली दिसते का? बऱ्याचदा कुणीतरी चष्म्यावर बसलेलं असतं किंवा तो रात्री उशीखाली गेलेला असतो. ते दोन मिनिटांत फ्रेम गरम करून सरळ होतं, फुकट.

गोल फ्रेमवाल्यांनी एक गोष्ट जास्तीची बघायची. गोल फ्रेममध्ये स्क्रू सैल झाला की काच जागच्या जागी फिरते. साध्या नंबराला त्याने काही होत नाही, सिलिंडरला होतं, कारण अक्ष फिरतो. ५ अंश फिरला तर सिलिंडरचा सहावा हिस्सा चुकीच्या दिशेला शिल्लक राहतो, १० अंशांना तिसरा हिस्सा, आणि ३० अंशांना जेवढा सिलिंडर होता तेवढाच नवा दोष तयार होतो. नंबर तोच, पण फिरलेला.

बाईंकडे परत येऊ. दोन कारणं आहेत असं म्हणणं सोपं, ते वेगळं करून दाखवणं महत्त्वाचं. मी ट्रायल फ्रेममध्ये त्यांचा नवा नंबर, सिलिंडरसकट, ५८ वर मध्य ठेवून बसवला आणि त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात चालायला पाठवलं. परत येऊन त्या म्हणाल्या, ओढ गेली, पण जमीन तशीच. मग मी दोन्ही डोळ्यांसमोरून सिलिंडर काढून नुसता उणे ५ ठेवला. जमीन सपाट झाली, पण फळ्यावरची अक्षरं सावली धरल्यासारखी झाली. म्हणजे दुखणं मध्याचं, कल सिलिंडरचा, आणि सिलिंडर खरा गरजेचा. ही व्हरांड्याची फेरी तुम्हीही मागून घ्या. नवा सिलिंडर लागलाय किंवा एकाच डोळ्याचा नंबर बराच बदललाय असं कळलं की ट्रायल फ्रेम घालून दहा मिनिटं चाला, एक जिना उतरा, मगच चिठ्ठी हातात घ्या. खुर्चीत बसून अक्षरं वाचणाऱ्या माणसाला जमीन दिसतच नाही.

दुकानदाराला मी फोन केला. सज्जन होता, त्याने काचा बदलून देण्याची तयारी दाखवली, पण त्याच फ्रेममध्ये ५८ वर मध्य आणायचा तर मोठी चकती मागवावी लागणार आणि कानाकडची कड आणखी जाड दिसणार. बाईंनी छोटी फ्रेम घेतली, आकडे ४८ आणि १८. बेरीज ६६. आता काच चारच मिलिमीटर सरकवायची होती आणि तयार चकतीत ते आरामात बसलं. कड पातळ झाली हा वरचा फायदा.

नाकावरचे पॅड मी थोडे आत घेतले आणि काचा डोळ्यांच्या जवळ आणल्या, सोळा मिलिमीटरवरून बारावर. सिलिंडरमुळे होणारा कल काच डोळ्यापासून जितकी लांब तितका जास्त असतो. चार मिलिमीटर जवळ आल्याने नंबरात पडणारा फरक नगण्य, पण कल बऱ्यापैकी कमी होतो. नवा चष्मा नाकावरून घसरत असेल आणि जमीन तिरकी वाटत असेल तर सगळ्यात आधी फिटिंग नीट करून घ्या.

एवढं करूनही कल जात नसता तर मी काय केलं असतं? सिलिंडर थोडा कमी करून दिला असता, किंवा अक्ष आडव्या-उभ्याकडे थोडासा वळवला असता. त्यात अक्षरं किंचित कमी स्पष्ट दिसतात, पण माणूस चष्मा घालतो. कपाटात पडलेल्या अचूक चष्म्यापेक्षा मला ते परवडतं. लहान मुलांत मी तसं करत नाही. त्यांना पूर्ण नंबर देते, कारण मुलं आठवडाभरात सगळं विसरून पळायला लागतात.

मग किती दिवस थांबायचं? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर तक्रार कुठली यावर आहे. जमीन तिरकी, वस्तू जवळ-लांब किंवा छोट्या-मोठ्या, मान वळवली की पोहल्यासारखं, अशी तक्रार असेल आणि ती दिवसागणिक कमी होत असेल तर दोन आठवडे द्यायला हरकत नाही. पण ते दोन आठवडे नवाच चष्मा, सकाळी उठल्यापासून. सकाळी नवा आणि दुपारी जुना असं केलं तर मेंदूला रोज नव्याने सुरुवात करावी लागते. दुचाकी मात्र जमीन जागेवर येईपर्यंत नवा चष्मा घालून चालवू नये. डोकेदुखीला मी एक आठवडा देते. चार-पाच दिवसांत ती उतरणीला लागली नाही, किंवा ठरावीक कामालाच येते असं दिसलं, की ताबडतोब परत जायचं. आणि एकाच डोळ्याने अक्षर धूसर दिसत असेल, किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर एक दिवसही थांबायचं नाही. तिथे सवय होत नाही, तिथे काहीतरी चुकलेलं असतं.

परत जाताना जुना चष्मा बरोबर न्या. तो फेकू नका, तो माझ्यासाठी नव्याइतकाच महत्त्वाचा असतो. अनेकदा जुन्याच्या मध्यात चूक असते, माणसाला तिची वर्षानुवर्षं सवय झालेली असते, आणि नव्या, बिनचूक चष्म्याचा त्याला त्रास होतो. चिठ्ठी न्या, आणि दुखतं ते कधी, लांब बघताना की जवळ, सकाळी की संध्याकाळी, हे सांगा. दुकानात आधी काचेचा नंबर आणि अक्ष चिठ्ठीशी ताडून, मग ठिपके काढून पट्टीने मध्य मोजून, मग चष्मा चेहऱ्यावर कसा बसतो ते बघून घ्या. एवढ्याने सुटलं नाही तरच डोळे पुन्हा तपासायचे. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात, आधी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन तिसरा नंबर घेऊन येतात, आणि मग चुकीच्या मध्याच्या दोन चष्म्यांचे पैसे भरतात.

पुन्हा तपासायची वेळ आलीच तर दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. मधुमेह असेल तर साखर कशी आहे ते. साखर फार वाढलेली असताना काढलेला नंबर ती उतरल्यावर राहत नाही, आणि तेव्हा चष्मा बिनचूक बनलेला असूनही लागू पडत नाही. ती काही आठवडे स्थिर राहिल्यावर नंबर काढलेला बरा. आणि तरुण असाल तर उणे नंबर जास्त तर नाही ना, हे लाल-हिरव्या अक्षरांवर पडताळून घ्या. तरुण डोळा जास्तीचा उणे नंबर आतल्या भिंगाच्या जोरावर निभावून नेतो, अक्षरं छान काळी दिसतात, आणि दुखतं ते संध्याकाळी.

एक गोष्ट चष्म्याच्या यादीत नाही. अचानक सुरू झालेली भयंकर डोकेदुखी, उलटी, पापणी खाली येणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, हातापायात अशक्तपणा, चालताना एका बाजूला जाणं, यातलं काही असेल तर नवा चष्मा कालच घेतला असला तरी दोष त्याच्यावर ढकलू नका. चष्मेवाल्याकडे न जाता सरळ रुग्णालय गाठा.

बाईंचं कपाळ दुसऱ्या फ्रेमनंतर दोन दिवसांत थांबलं. जमिनीला दहा दिवस लागले. सातव्या दिवशी फोन आला की वर्गात आता काही नाही, मैदानावर अजून थोडं आहे. दहाव्या दिवशी मैदानावरही नव्हतं. तीन आठवड्यांनी त्या नोज पॅड घट्ट करायला आल्या तेव्हा गमतीने त्यांना मी जुना चष्मा घालायला लावला. त्यांनी तो घातला, उठून दोन पावलं टाकली आणि पटकन टेबलाची कड धरली. जमीन कलली होती, या वेळी उलट्या बाजूने.